साप्टीन्गळा?

परक्या भाषेत चौकशी करणं अजिबात अवघड नसतं. अवघड असतं ते समोरून येणारं उत्तर.

चेंबूरच्या आमच्या सोसायटीत समोरच्या फ्लॅटमध्ये नवीन भाडेकरू आले. नवरा-बायको दिवसभर ऑफिसात आणि घरी कुंभकोणमहून आलेली त्यांची आई. त्यांना तमिळ सोडून काही येत नाही आणि माझं तमिळ इडली-सांबाराशी संपतं. रोज सकाळी लिफ्टमध्ये आम्ही एकमेकांकडे बघून हसायचो. पण तळमजला येईपर्यंत माणूस हसून हसून किती हसणार?

शेवटी माटुंग्यात वाढलेल्या एका तमिळ सहकाऱ्याला शरण गेलो.

"वणक्कम म्हणू नकोस," तो म्हणाला. "त्यांना वाटेल मतं मागायला आलास. शेजारी जेवण विचारतात. साप्टीन्गळा? आदर सगळा त्या शेवटच्या 'न्गळा'त आहे. तो गाळून 'साप्टिया' म्हणालास तर 'जेवलास का रे' होईल. ते पोराटोरांना. आणि हाक 'अम्मा' अशीच मार. मामी म्हणतात ते ब्राह्मणांच्या घरात, उगाच नाती जोडू नकोस."

आता 'ळ' ही आपली घरचीच इस्टेट. तो इतका खणखणीत पडला की अम्मांचा गैरसमज झाला, ह्या माणसाला तमिळ येतं! मग जे उत्तर सुरू झालं ते पार्किंगपर्यंत पुरलं. त्यातलं मला 'रसम' तेवढं कळलं. चेहरा प्रसन्न ठेवून मी मान हलवत राहिलो. मधेच त्या थांबल्या, म्हणजे प्रश्न होता. मी पुन्हा मान हलवली. त्यांचा चेहरा पडला. कोणाच्या तब्येतीला मी होकार भरला, देव जाणे.

दुसऱ्या दिवशी त्यांनीच विचारलं, "टिफन आच्चा?" टिफन! हा तर आपला शब्द! मी अभिमानाने ऑफिसचा डबा वर धरला. त्या नाश्ता झाला का विचारत होत्या. इडली-डोशाला तिकडे टिफन म्हणतात, हे मला संध्याकाळी कळलं. अम्मांनी मात्र शांतपणे झाकण उघडलं, शेपूची भाजी बघितली आणि झाकण लावलं. त्या नजरेला भाषांतर लागत नाही.

सहकाऱ्याने मग खरी विद्या दिली: आधी निसटायचं वाक्य पाठ कर. 'वरेन', म्हणजे आपलं 'येतो'. जातो म्हणायचं नाही, हे त्यांच्यातही आहेच. त्यावर समोरचा फार तर 'सरि' म्हणतो, पुढे संवाद वाढत नाही. विचारायचंच तर तळमजला आल्यावर विचारायचं आणि दार उघडताच 'वरेन'! माझं अख्खं तमिळ आता ह्या दोन शब्दांवर सुरळीत चाललंय.

तिकडे अम्मांचंही मराठी सुरू झालंय. शिकवणी आमच्याच कामवाल्या मावशींची, त्यामुळे आदराची फारशी भानगड नाही. काल भरलेल्या लिफ्टमध्ये, सोसायटीच्या सेक्रेटरींसमोर, माझ्यासारख्या टक्कल पडलेल्या माणसाला त्यांनी दणकून विचारलं, "काय रे, जेवलास का?"

"साप्टेन, अम्मा," म्हटलं. "वरेन." आणि मधल्याच मजल्यावर उतरलो.