तज्ज्ञाला घाम फोडणारी संहिता कशी लिहावी

समजा तुम्हाला वीज पडण्याविषयी तीन मिनिटांचा व्हिडिओ करायचा आहे. वळवाच्या आधी, शेतकऱ्यांसाठी, मराठीत. तीन मिनिटं म्हणजे निवेदनाचे साधारण साडेतीनशे शब्द. संहिता लिहून झाली, आता ती हवामानशास्त्राच्या एका प्राध्यापक मॅडमना दाखवायची आणि त्यांचा होकार मिळवायचा. हा होकार पहिल्याच फेरीत मिळाला तर मजा काय? निदान पाच फेऱ्या व्हाव्यात, मॅडमनी फोन उचलणं बंद करावं आणि तरीही व्हिडिओत चूक राहावी, यासाठी पुढील मार्गदर्शन.

पहिल्या परिच्छेदात सूर्य आणा. विजेच्या वाटेतली हवा क्षणभर साधारण 30,000 अंश सेल्सिअसपर्यंत तापते. सूर्याच्या पृष्ठभागाचं तापमान साधारण 5,500 अंश. म्हणजे पाचपट. तुम्ही मात्र लिहा, 'वीज सूर्यापेक्षा पाचपट गरम असते.' 'पृष्ठभाग' हा शब्द जड आहे, प्रेक्षक पळून जातील, असं सांगून तो कापा. सूर्याच्या गाभ्यात दीड कोटी अंश असतात, म्हणजे विजेच्या साधारण पाचशेपट, त्यामुळे तुमचं वाक्य साफ उलटं पडतं आणि तेही एकाच शब्दाच्या बचतीत. काही रसिकता नसलेले लेखक 'सूर्याचा जो भाग आपल्याला दिसतो त्यापेक्षा' असं लिहून मोकळे होतात. सोपंही होतं आणि खरंही राहतं. अशा लोकांमुळेच तज्ज्ञांना कामाची सवय राहत नाही.

मग ऊर्जेकडे वळा. 'एका विजेत अख्ख्या गावाला वर्षभर पुरेल इतकी वीज असते' हे वाक्य तुम्हाला आयतं मिळेल, सगळीकडे आहे. चुकूनही आकडेमोड करू नका. केली तर फार वाईट उत्तर येतं. एका विजेची ऊर्जा ढोबळमानाने 100 कोटी ज्यूल धरतात. आपल्या वीजबिलातलं एक युनिट म्हणजे 36 लाख ज्यूल. भागाकार केला की येतात जेमतेम 278 युनिट. महिन्याला शंभर युनिट जाळणाऱ्या घराला ती पावणेतीन महिने पुरेल आणि तीही पकडता आली तर. बहुतेक ऊर्जा वाटेतच हवा तापवण्यात, उजेडात आणि गडगडाटात संपते. गाव गेलं, वर्ष गेलं, उरलं एक घर आणि तीन बिलं.

इथे मॅडम समासात लिहितील, 'ऊर्जा कमी, शक्ती प्रचंड'. भौतिकशास्त्रात या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, मराठी बोलण्यात एकच. ही टीप जशीच्या तशी संहितेत चिकटवा, म्हणजे प्रेक्षकाला काहीही कळणार नाही आणि दोष तज्ज्ञावर जाईल. पर्याय आहे, पण तो कष्टाचा. ऊर्जेचा मुद्दाच काढून टाकायचा आणि प्रेक्षकाच्या घरातली तुलना द्यायची: 'तुमचा गिझर आठ-नऊ अँपिअरवर चालतो. विजेच्या एका झटक्यात साधारण 30 हजार अँपिअर वाहतात, तेही सेकंदाच्या अगदी छोट्या अंशात.' यात काही ताणलेलं नाही, फक्त अवघड ते वगळलेलं आहे. वगळणं आणि वाकवणं यांत फरक असतो, हे एकदा लक्षात आलं की तुमची फेऱ्यांची संख्या धोक्यात येते.

आता मुख्य पदार्थ: गाडीचे टायर. लिहा, 'वादळात गाडीत बसा, कारण टायर रबरचे असतात आणि रबरातून वीज जात नाही.' सल्ला बरोबर, कारण चूक. नवखे तज्ज्ञ इथे फसतात. सल्ला योग्य आहे ना, मग असू दे, म्हणतात. तुमच्या दृष्टीने हे सर्वोत्तम, कारण प्रेक्षक सल्ला विसरतो आणि कारण घरी घेऊन जातो. रबर वाचवतं ना? मग मोटारसायकललाही टायर आहेत, उघड्या ट्रॅक्टरलाही आहेत, पायात रबरी चपलाही आहेत. ढगापासून काही किलोमीटर हवा फोडून आलेली वीज शेवटच्या बोटभर रबरापाशी थबकेल, असा विचार करत तो माणूस भिजत उभा राहील.

खरं कारण असं, की बंद गाडीची धातूची बॉडी प्रवाह बाहेरच्या बाहेर वाहून जमिनीत नेते, आत बसलेल्याला तो टाळून जातो. मॅडमनी हे कळवलं की तुम्ही लगेच दुरुस्ती करा: 'वाचवतो तो पत्रा, टायर नव्हे.' सुटसुटीत, कानाला गोड, शास्त्रीय. मॅडमही कदाचित होकार देतील, कारण त्या वाक्य वाचताना कार डोळ्यांसमोर आणतात. शेतकऱ्याच्या डोळ्यांसमोर 'पत्रा' म्हणताच काय येतं? बांधावरची चार खांबांची पत्र्याची शेड. बाजूंनी उघडी, माळावर एकटी आणि आजूबाजूच्या सगळ्यांत उंच. तुमच्या अचूक वाक्याने त्याला नेमकं तिथे पाठवलं. शाबास!

यातून सुटण्याची वाट म्हणजे तत्त्व नंतर आणि वस्तू आधी. 'काचा बंद केलेली कार किंवा एसटी चालेल. मोटारसायकल, रिक्षा, उघडा ट्रॅक्टर, चार खांबांवरची शेड चालणार नाही. चारी बाजूंनी बंद असलेली धातूची बॉडी वीज बाहेरून वाहून नेते. टायरचा यात काही संबंध नाही.' शब्द वाढले, हे खरं. म्हणून सूर्य कापता येतो. त्याने कुणाचा जीव वाचत नव्हता.

पण मराठीत लिहिणाऱ्यांना निसर्गाने एक खास सवलत दिली आहे, ती इंग्रजीवाल्यांच्या नशिबात नाही. आपल्याकडे आकाशातली ती वीज आणि खांबावरून येते तीही वीज. म्हणून बिनधास्त लिहा, 'विजेचा धक्का बसलेल्या माणसाला हात लावू नका.' घरातल्या विजेबाबत हे योग्यच आहे. माणूस चालू वायरला चिकटलेला असेल तर आधी मेन स्विच बंद करायचा, तोवर हात नाही. आकाशातल्या विजेबाबत याच्या बरोबर उलट आहे. ती क्षणात येऊन गेलेली असते, अंगात काही साठून राहत नाही आणि ज्याचं हृदय थांबलंय त्याला दोन-चार मिनिटांत छातीवर दाब मिळाला तर तो वाचण्याची शक्यता असते. एकाच शब्दाच्या दोन अर्थांमुळे गावकरी भोवती कडं करून उभे राहतात आणि कुणी पुढे होत नाही.

हे वाक्य तज्ज्ञाच्या नजरेतूनही निसटू शकतं, कारण मॅडमच्या डोक्यात दिवसभर ढगच असतात. त्या 'वीज' वाचतात आणि वरचीच समजतात. त्यामुळे त्यांना संहिता नुसती वाचायला द्या. 'या वाक्यावरून घाबरलेला माणूस प्रत्यक्षात काय करेल?' असा प्रश्न विचारू नका. विचारलात तर वाक्य असं होऊन परत येईल: 'वीज अंगावर पडलेल्या माणसाला हात लावणं धोक्याचं नाही. श्वास चालत नसेल तर लगेच छाती दाबायला सुरुवात करा आणि दुसऱ्याला 108 ला फोन करायला सांगा. जवळ तुटलेली वायर पडली असेल तर मात्र तिच्यापासून लांब राहा.' शेवटचा तुकडा तज्ज्ञच जोडू शकतात, कारण वादळात दोन्ही विजा एकाच बांधावर भेटतात. वादळ ओसरलेलं नसेल तर मदत करणाऱ्यालाही धोका असतो, हेही त्या सांगतील.

आता पाठवण्याची पद्धत. संहिता शुक्रवारी रात्री पाठवा आणि शूटिंग शनिवारी सकाळी ठेवा. समासात काही लिहिता येणार नाही अशी कुलूपबंद पीडीएफ पाठवा. ओळींना क्रमांक देऊ नका, म्हणजे 'ते टायरचं वाक्य' आणि 'नाही, त्याच्या आधीचं' यांवर फोनवर अर्धा तास जाईल. सोबत लिहा, 'जरा नजर टाका, काही मोठी चूक नाही ना?' मोठी म्हणजे किती, हे सांगू नका. मॅडम सगळीकडे 'साधारणतः', 'बहुधा', 'काही परिस्थितींत' असे शब्द पेरतील आणि संहितेचा विमा पॉलिसीसारखा मजकूर होईल. मग तुम्ही ते सगळे एकदम खोडा. त्यांतला एखादा खरोखर गरजेचा होता, तोही जाऊ द्या.

काही हट्टी मंडळी याऐवजी तक्ता करतात. एका रकान्यात क्रमांकासह ओळ, दुसऱ्यात तिच्यामागचा पूर्ण, सोपा न केलेला दावा, तिसऱ्यात तो कुठून घेतला आणि चौथ्यात प्रेक्षक त्यावरून काय करेल. तज्ज्ञाकडून प्रत्येक ओळीला तीनच शेरे मागतात: बरोबर, अपुरं पण चालेल, चूक. मधला शेरा सर्वांत महत्त्वाचा, कारण तो तज्ज्ञाला वाक्य लांबवण्यापासून वाचवतो. सूर्याच्या दिसणाऱ्या भागाची ओळ 'अपुरं पण चालेल' मध्ये जाते, टायरची 'चूक' मध्ये. 'साधारणतः' कुठे ठेवायचं हेही ठरतं. जिथे ते काढल्याने प्रेक्षकाची कृती बदलते, फक्त तिथे. अशा तक्त्यावर काम एक-दोन फेऱ्यांत आटोपतं, त्यामुळे त्यापासून दूर राहावं.

होकार आलाच तर खचून जाऊ नका. तज्ज्ञांनी शब्द तपासले आहेत, चित्रं नाहीत. निवेदक 'पक्क्या घरात जा' म्हणत असताना अ‍ॅनिमेशनमध्ये शेतकरी जमिनीवर आडवा झोपलेला दाखवा. जवळ वीज पडली की प्रवाह जमिनीतून पसरतो, आणि अंगाचा जितका लांब भाग जमिनीला टेकलेला तितका धोका जास्त. पण चित्र तर छान दिसतं. मुखपृष्ठाच्या चित्रावर लाल अक्षरांत 'मोबाइल वीज खेचतो!' टाका. मोबाइल वीज खेचत नाही; वादळात जपायचं ते वायरच्या फोनला आणि चार्जरला लावलेल्या मोबाइलला. पण हे मुखपृष्ठावर मावत नाही, आणि ते चित्र तपासायला पाठवायचं असतं हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

शेवटी संकलकाला सांगा की व्हिडिओ चार सेकंदांनी लांबलाय. तो शांतपणे 'टायरचा यात काही संबंध नाही' यातला 'नाही' दुसऱ्या दृश्याच्या आवाजाखाली गाडेल. मंजूर झालेल्या प्रतीला क्रमांक नसल्यामुळे कुणाला शोधताही येणार नाही. अखेरच्या पाटीवर 'वैज्ञानिक सल्ला' या शब्दांखाली मॅडमचं नाव मात्र ठळक, मोठ्या अक्षरांत राहू द्या. पहिला फोन त्यांच्या एखाद्या विद्यार्थ्याचाच येईल, आणि तो विचारेल, मॅडम, टायरचं खरं आहे का?