महायुद्धातली अमेरिका आणि संधी खर्च: एका दाव्याचा प्रतिवाद

«अर्थशास्त्राची पुस्तके सांगतात की बंदुका वाढवायच्या तर लोणी सोडावे लागते. अमेरिकेने दुसऱ्या महायुद्धात हे खोटे ठरवले. १९४० ते १९४४ या काळात विमाने, जहाजे, रणगाडे यांचे डोंगर उभे राहिले, बेकारी संपली आणि लोकांचा खर्चही कमी झाला नाही. तेव्हा संधी खर्च ही निव्वळ भीती घालणारी कल्पना आहे. सरकारची इच्छाशक्ती असेल तर देशाला सगळे एकदम मिळू शकते.»

या मजकुरातील बहुतेक गोष्टी खऱ्या आहेत, म्हणूनच तो पटतो. चूक आहे ती त्यांवरून काढलेल्या निष्कर्षात.

सुरुवात बेकारीपासून करावी लागेल. १९४० मध्ये अमेरिकेतील बेकारीचा दर १४.६ टक्के होता आणि १९४४ मध्ये तो १.२ टक्क्यांवर आला. उत्पादन शक्यता वक्र ही एक सीमा आहे. हाताशी असलेली सर्व साधने आणि सर्व तंत्रज्ञान नीट वापरले, तर दोन वस्तूंच्या कोणकोणत्या जोड्या जास्तीत जास्त मिळू शकतील, हे ती दाखवते. ज्या देशात दर सात कामगारांमागे एक रिकामा बसला आहे, तो देश या सीमेवर नसून तिच्या बराच आत आहे. आतल्या बिंदूपासून सीमेकडे सरकताना दोन्ही वस्तू एकाच वेळी वाढू शकतात, आणि वक्र शिकवणारे प्रत्येक पाठ्यपुस्तक पहिल्याच आकृतीत हा आतला बिंदू दाखवते. १९४१ मध्ये लष्करी मागणी झपाट्याने वाढत असतानाच अमेरिकेत ३५ लाखांहून अधिक मोटारी तयार झाल्या. यात सिद्धान्ताला धक्का देणारे काही नाही. महामंदीने रिकामे ठेवलेले हात आणि बंद पडलेली यंत्रे पुन्हा कामाला लागली, एवढाच त्याचा अर्थ.

यापुढचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे आणि दाव्याची खरी गफलत तिथेच झाली आहे. काल काय होते आणि आज काय आहे, यातील फरक म्हणजे संधी खर्च नव्हे. आज जे निवडले त्यापायी आजच मिळू शकली असती अशी कोणती दुसरी गोष्ट सोडली, हा संधी खर्च होय.

हे आकड्यांत पाहू. पुढील आकडे केवळ हिशेब समजण्यासाठी घेतलेले आहेत. एका देशाने सगळी साधने मोटारींना लावली, तर वर्षाला ४० लाख मोटारी होतात. पहिल्या २० हजार विमानांसाठी त्याला २ लाख मोटारी सोडाव्या लागतात, पुढच्या २० हजारांसाठी ५ लाख, त्यापुढच्या २० हजारांसाठी ११ लाख आणि शेवटच्या २० हजारांसाठी उरलेल्या सगळ्या २२ लाख. आता हा देश मंदीत अडकलेला असून २० हजार विमाने आणि २५ लाख मोटारी एवढेच करतो आहे, असे धरा. दोन वर्षांनी सर्वांना काम मिळते आणि तो ४० हजार विमाने व ३३ लाख मोटारींवर पोहोचतो. विमाने दुप्पट झाली, मोटारीही ८ लाखांनी वाढल्या. कालचा आणि आजचा आकडा शेजारी ठेवणारा माणूस म्हणेल की काहीच सोडावे लागले नाही. पण सीमेवर पोहोचलेल्या त्याच देशाला त्याच वर्षी २० हजार विमाने आणि ३८ लाख मोटारी मिळू शकल्या असत्या. जादा २० हजार विमानांची किंमत ५ लाख मोटारी होती. त्या कधी तयारच झाल्या नाहीत, म्हणून कोणत्याही तक्त्यात त्यांची घट दिसत नाही. बेकारी हटल्याचा लाभ आणि विमाने निवडल्याचा खर्च या दोन वेगळ्या घटना आहेत. एकाच काळात घडल्या म्हणून त्यांची वजाबाकी करून उत्तर शून्य काढता येत नाही.

याच आकड्यांत वक्राचा बाहेर फुगलेला आकारही दडला आहे. पहिल्या टप्प्यात एका विमानामागे १० मोटारी जातात, मग २५, मग ५५ आणि अखेरीस ११०. सरासरी ५० मोटारी असे उत्तर कोणी दिले, तर ते कोणत्याच टप्प्याला नीट लागू पडत नाही. खर्च असा चढत जातो, कारण साधने एकसारखी नसतात. आरंभी विमानांकडे तीच माणसे आणि तीच यंत्रे वळतात, जी त्या कामाला योग्य आहेत आणि मोटारींच्या कामात फारशी महत्त्वाची नाहीत. उत्पादन जसजसे वाढवावे, तसतशी मोटारींच्या कामात पारंगत पण विमानांसाठी अडचणीची ठरणारी साधने ओढून आणावी लागतात.

मिशिगनमधील विलो रन येथे फोर्डने उभारलेला बी-२४ बॉम्बफेकी विमानांचा कारखाना याचे जवळून पाहण्यासारखे उदाहरण आहे. मोटारींच्या धर्तीवर फिरत्या साखळीवर विमाने जोडायची, अशी योजना होती. पण मोटारीचे पत्रे दाबणारे पोलादी साचे एकदा घडवले की लाखो नग काढायला उपयोगी पडतात. विमानाचा आराखडा मात्र युद्धभूमीवरच्या अनुभवानुसार सतत बदलत होता, आणि प्रत्येक बदलाबरोबर महागडे साचे दुरुस्त करावे किंवा टाकून द्यावे लागत. कामगारांना ॲल्युमिनियमच्या कामाची सवय नव्हती, आसपास राहायला पुरेशी घरे नव्हती. आरंभीचे उत्पादन इतके रखडले की हा कारखाना चालणार तरी का, असे लोक उघडपणे विचारू लागले. १९४४ मध्ये तिथून तासाला एक विमान बाहेर पडू लागले, हे खरे आहे. पण मधल्या काळातली रखडपट्टी म्हणजे मोटारींसाठी घडलेली साधने विमानांकडे वळवण्याचा खर्च होता.

अमेरिका सीमेला केव्हा टेकली, याच्या खुणा स्पष्ट आहेत. फेब्रुवारी १९४२ मध्ये नागरिकांसाठी मोटारी बनवणे थांबवण्यात आले. त्या वर्षी मे महिन्यात साखरेचे रेशनिंग आले आणि मार्च १९४३ मध्ये मांसाबरोबर लोण्याचेही. दाव्यात जे लोणी सोडावे लागले नाही असे म्हटले आहे, ते अमेरिकन गृहिणीला अक्षरशः रेशनच्या कुपनांवर घ्यावे लागत होते. तांबे दारूगोळ्यासाठी हवे होते, म्हणून १९४३ मधील एक सेंटचे नाणे जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाचे पाडण्यात आले. याच तांब्याच्या टंचाईतून संधी खर्चाचा एक विलक्षण स्वच्छ दाखला मिळतो. ओक रिज येथे अणुबॉम्बसाठी युरेनियम वेगळे करणाऱ्या विद्युतचुंबकांना प्रचंड प्रमाणात विद्युतवाहक धातू हवा होता. तेव्हा अमेरिकी ट्रेझरीच्या साठ्यातून १३ हजार टनांहून अधिक चांदी उसनी घेऊन तिची वेटोळी बनवली गेली. बाजारभावाने चांदी तांब्याहून कितीतरी महाग, पण ती तिजोरीत पडून होती, तर तांब्याच्या प्रत्येक टनावर काडतुसे आणि तारा हक्क सांगत होत्या. पडून असलेल्या साधनाचा संधी खर्च जवळजवळ शून्य असतो, मग त्याची बाजारातली किंमत काहीही असो.

सीमेबाहेरचा बिंदू मागितला तर काय होते, हेही १९४२ मध्येच दिसले. लष्कराने १९४३ साठी जी मागणी नोंदवली, तिची बेरीज सुमारे ९३ अब्ज डॉलरवर गेली. युद्ध उत्पादन मंडळात काम करणारे अर्थतज्ज्ञ सायमन कुझनेट्स आणि रॉबर्ट नेथन यांनी देशाचे मनुष्यबळ, कच्चा माल आणि यंत्रे यांचा हिशेब मांडून दाखवले की एवढे उत्पादन होणे शक्य नाही. लष्करी पुरवठ्याचे प्रमुख जनरल सोमरव्हेल यांनी हा अहवाल फेटाळताना तो विचारी माणसांच्या नजरेआड ठेवावा, असे लिहिले. पण गणित बदलले नाही. अशक्य उद्दिष्ट धरून बसले, तर एका कारखान्यात विमानांचे सांगाडे साठतात आणि त्यांची इंजिने आलेली नसतात, नवे कारखाने बांधून होतात आणि त्यांना पुरवायला धातू नसतो. म्हणजे अशक्य बिंदूचा आग्रह धरणारा देश सीमेवरही राहत नाही, तो पुन्हा आत घसरतो. अखेर ती मागणी सुमारे ८० अब्ज डॉलरपर्यंत खाली आणावी लागली. इच्छाशक्तीची उणीव तिथे कोणातच नव्हती.

उरला प्रश्न वाढीचा. युद्धाच्या काळात सीमा खरोखर बाहेर सरकली, आणि हे मान्य केले पाहिजे. लाखो स्त्रिया नव्याने कामाला लागल्या. लिबर्टी नावाचे मालवाहू जहाज बांधायला आरंभी सात महिन्यांहून अधिक काळ लागे, तो सरावाने आणि सुटे भाग आधीच जोडून आणण्याच्या पद्धतीने दीड महिन्याच्या आसपास आला. मात्र ही वाढ सर्व दिशांना सारखी नव्हती. जहाजबांधणीत हात बसल्याने जहाजांच्या अक्षावर वक्राचे टोक दूर गेले, पण त्या कौशल्याने गाईचे दूध वाढले नाही. शिवाय वाढ फुकट मिळत नाही. जपानने मलाया आणि डच ईस्ट इंडीज घेतल्यावर अमेरिकेचा नैसर्गिक रबराचा पुरवठा जवळजवळ तुटला, तेव्हा कृत्रिम रबराचे कारखाने उभारावे लागले. त्यांना लागणारे पोलाद आणि यंत्रसामग्री त्याच वर्षी जहाजांनाही हवी होती. उद्याची सीमा बाहेर ढकलण्यासाठी आजच्या सीमेवरचे काहीतरी सोडावे लागते, म्हणजे वाढीलाही संधी खर्च असतोच.

लोकांचा खर्च घटला नाही, हे विधान अधिकृत आकडेवारीत बसते. पण त्या आकडेवारीत वस्तू सरकारने गोठवलेल्या भावाने मोजल्या आहेत. काळ्या बाजारातले भाव, कपड्यांचा व बुटांचा उतरलेला दर्जा आणि कोणत्याही पैशाने न मिळणारी नवी मोटार त्यात पुरेशी उतरत नाही. अर्थ-इतिहासकार रॉबर्ट हिग्ज यांनी १९९२ मध्ये याच कारणांवरून युद्धकाळातील समृद्धीच्या आकड्यांवर आक्षेप घेतला. तो आक्षेप किती टक्क्यांनी खरा मानावा, यावर मतभेद असू शकतात, पण माझ्या मते त्याची दिशा बरोबर आहे.

आणि केवळ इच्छाशक्तीने सगळे मिळत असते, तर सोव्हिएत संघालाही मिळायला हवे होते. १९४१ मध्ये जर्मन फौजांनी युक्रेनची शेते आणि दोन्येत्स खोऱ्यातल्या कोळशाच्या खाणी घेतल्यावर त्या देशाची सीमाच आत आली, आणि तिथे कामाला लावायला अमेरिकेसारखी रिकामी बसलेली माणसे व यंत्रे नव्हती. तरीही १९४२ मध्ये त्याने १९४१ पेक्षा कितीतरी अधिक रणगाडे बनवले. त्यांची किंमत आघाडीच्या मागच्या शहरांतल्या आणि सामुदायिक शेतांवरच्या लोकांनी पोटाला चिमटा घेऊन भरली.