दोन टक्क्यांची सूट सोडल्यावर वर्षाचा दर 44 टक्के कसा निघतो?

पुरवठादाराच्या बिलावरची 2 टक्के सूट सोडली तर ती उधारी वर्षाला 44 टक्क्यांनी पडते, असं मी लिहिलं होतं. त्यावर आलेली प्रतिक्रिया: "बिलावर 2 टक्के सूट लिहिलेली असते. ती घेतली नाही तर 2 टक्के गेले, एवढंच. त्याचे 44 टक्के करून दाखवणं म्हणजे आकड्यांचा खेळ आहे. एकच बिल वर्षभर थोडंच फिरतं? शिवाय आमचे पैसे 30 व्या दिवशी नाही, 45 व्या दिवशी जातात. तुमचा हिशोब आम्हाला लागूच नाही."

तुमचा राग मला समजतो, कारण मोठा टक्का समोर फेकला की तो फसवाच वाटतो. म्हणून आधी वर्ष आणि टक्के दोन्ही बाजूला ठेवू.

बिल 1,00,000 चं, अट "2/10, नेट 30". म्हणजे 10 दिवसांत दिले तर 98,000 पुरतात, नाहीतर 30 व्या दिवसापर्यंत पूर्ण रक्कम द्यायची. पहिले 10 दिवस तुम्हाला तसेही फुकट मिळतात, त्यामुळे ते हिशोबात येत नाहीत. 10 व्या दिवशी तुम्ही 98,000 देत नाही आणि 30 व्या दिवशी 1,00,000 देता. म्हणजे 98,000 हातात 20 दिवस जास्त राहिले आणि त्यासाठी 2,000 मोजले. आता समजा, बँकेच्या कॅश क्रेडिटवर तुम्हाला 14 टक्के व्याज पडतं. तिथून तेच 98,000 तेवढ्याच 20 दिवसांसाठी उचलले असते तर व्याज साधारण 752 झालं असतं. त्याच पैशाला, त्याच मुदतीला एकीकडे 752 आणि दुसरीकडे 2,000. इथे वर्षाचा संबंधच आलेला नाही आणि बिलही एकदाच आलेलं आहे.

वार्षिक दर काढायचा तो याच दोन रकमांची तुलना दर वेळी सोपी व्हावी म्हणून. बँक वर्षाचा दर सांगते, पुरवठादार 20 दिवसांचा. दोन्ही एका मापात आणावे लागतात. 2,000 ला 98,000 ने भागलं की 2.04 टक्के येतात. भागायचं 98,000 नेच, कारण वापरायला मिळाले ते तेवढेच. वर्षात 20 दिवसांचे 18.25 टप्पे बसतात, म्हणून सरळव्याजाने दर 37.2 टक्के. माझे 44 टक्के चक्रवाढीचे:

```
=(1+2/98)^(365/20)-1
```

उत्तर 44.6 टक्के. यात गृहीत असं आहे की प्रत्येक टप्प्याचा खर्चही पुढच्या टप्प्यात तशाच महाग उधारीतून भागवला जातो. महिन्यामागून महिने सूट सोडणाऱ्या, सतत पैशाची ओढाताण असलेल्या धंद्यात हे वास्तवाच्या जवळ जातं. एखाद्याच बिलासाठी ते ताणलेलं आहे, हा तुमचा मुद्दा मला मान्य आहे. तिथे 37.2 वापरा आणि त्याची तुलना बँकेच्या 14 शी करा. चक्रवाढीचा 44.6 घेतलात तर बँकेचाही चक्रवाढीचाच दर घ्यायला हवा. व्याज दरमहा लागत असेल तर 14 चे 14.9 होतात. निष्कर्ष दोन्हीकडे एकच निघतो.

आता तुमचा 45 वा दिवस. तुमच्या प्रतिक्रियेतला सर्वांत महत्त्वाचा भाग मला हाच वाटतो. सूत्रात बिलावर छापलेली मुदत नाही, पैसे प्रत्यक्ष जातात तो दिवस घालायचा. 45 व्या दिवशी दिले तर वापर 35 दिवसांचा होतो आणि दर सरळव्याजाने 21.3, चक्रवाढीने 23.5 टक्क्यांवर येतो. खूप उतरला, तरी 14 च्या वरच आहे. बँकेशी बरोबरी होते ती सुमारे 63 व्या दिवशी, कारण 98,000 वर 14 टक्क्यांनी 2,000 व्याज व्हायला 53 दिवस लागतात. तिथवर ताणणं कागदावर स्वस्त दिसेल, पण 30 दिवसांनंतरच्या उशिरावर बिलात व्याज लिहिलेलं असेल तर ते त्या 2,000 मध्ये मिळवावं लागेल. पुढच्या वेळी हा पुरवठादार उधारी कमी करेल का, किंवा भाव चढवेल का, हे सूत्राला कळत नाही. ते तुम्हालाच ओळखावं लागेल.

उलट बाजूची चूक मात्र खातेवहीत हमखास सापडते. सही अडकली, बिल पुढच्या टेबलावर उशिरा गेलं आणि पैसे 12 व्या दिवशी निघाले, तेही पूर्ण 1,00,000. इथे 2,000 मोजून फक्त 2 दिवस मिळाले, म्हणजे सरळव्याजाने वर्षाला 372 टक्के! 10 वा दिवस हुकलाच असेल आणि पुरवठादार उशिरा सूट द्यायला तयार नसेल, तर पैसे 30 व्या दिवसापर्यंत हातात ठेवा. तुमच्याकडे हे होतं का, ते पाहायला सूट देऊ करणाऱ्या बिलांसमोर बिलाची तारीख आणि पैसे गेल्याची तारीख लिहून काढा. 11 ते 20 दिवसांत पूर्ण रक्कम गेलेली बिलं आधी तपासा.