टर्मिनलवरचा हिरवा थर: कोल्ड्रिंक, ग्रीस आणि १२.६ व्होल्ट

“गाडीच्या किंवा इन्व्हर्टरच्या बॅटरीवर हिरवा-पांढरा थर आला की दुकानदार नवी बॅटरी गळ्यात मारतात. घाबरू नका. तो नुसता वरवरचा गंज असतो. मीटर लावून बघा, १२.६ व्होल्ट दाखवलं तर बॅटरी आणि जोड दोन्ही ठणठणीत. कोल्ड्रिंकची बाटली ओता, थर गायब. मग टर्मिनल आणि क्लॅम्पच्या मध्ये भरपूर ग्रीस भरा, करंट चांगला जातो आणि पुन्हा कधीच थर येत नाही. सगळ्या ग्रुपवर पाठवा.”

या फॉरवर्डमधलं दुकानदाराबद्दलचं वाक्य तेवढं मी सोडून देतो, कारण त्यात तथ्य आहे. बाकीचं एकेक घेऊ.

गंज चढतो लोखंडाला. बॅटरीची पोस्ट, म्हणजे टर्मिनलचा वर आलेला खुंट, शिशाची असते आणि तिच्यावर बसणारा लग, म्हणजे केबलच्या टोकाचा धातूचा तुकडा, तांब्याचा किंवा पितळेचा. इथलं प्रकरणच वेगळं आहे. बॅटरी पूर्ण चार्ज होत आली की चार्जिंगचा करंट आतल्या पाण्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन करू लागतो. ते बुडबुडे वर येऊन फुटतात आणि फुटताना ॲसिडचे अगदी बारीक थेंब सोबत उडवतात. काही व्हेंटमधून, म्हणजे वायू सोडणाऱ्या भोकांतून, बाहेर पडतात. काही ॲसिड पोस्ट जिथे झाकणातून वर येते तिथल्या जुन्या झालेल्या सीलमधून हळूहळू पाझरतं. बॅटरीतलं पातळ सल्फ्युरिक ॲसिड एकट्याने तांब्याला फारसं काही करत नाही, त्याला हवेतल्या ऑक्सिजनची साथ लागते. ती मिळाली की तयार होतं कॉपर सल्फेट, म्हणजे मोरचूद. निफाड-दिंडोरीकडचा कुठलाही द्राक्षबागायतदार तो निळा-हिरवा रंग बघताक्षणी ओळखेल. बोर्डो मिश्रणासाठी चुन्याबरोबर तो हेच कालवतो.

पांढरा भाग निराळा. तो बहुतेक लेड सल्फेट, म्हणजे पोस्टचं शिसंच ॲसिडने खाल्लेलं. लग पितळेचा असेल तर त्यातल्या जस्ताचं सल्फेटही पांढरंच दिसतं. बोल्ट साध्या लोखंडाचा असेल तर त्याचा तांबूस रंग त्यात मिसळतो. हा फरक लक्षात ठेवा, साफसफाईच्या वेळी कामाला येईल.

आता १२.६ व्होल्टकडे येतो, कारण खरी फसगत तिथे आहे. इंदिरानगरमधल्या एका घरी गेलो होतो. १५० एएचची ट्युब्युलर बॅटरी, लाईट गेली की इन्व्हर्टर अर्ध्या तासात ‘लो बॅटरी’ म्हणून ओरडायचा आणि बंद पडायचा. दुकानातून सांगितलं होतं, बॅटरी गेली, बदला. काकांनी मीटर लावून पाहिलं तर १२.६, म्हणून ते संभ्रमात. दोघांनीही लोडवर मोजलं नव्हतं.

मी मेन स्विच बंद करून घर इन्व्हर्टरवर घेतलं. तीन पंखे, टीव्ही, चार ट्यूब मिळून साधारण ३६० वॅट. बॅटरीतून ४० ॲम्पिअर जात होते. (हे डीसी मोजणाऱ्या क्लॅम्प मीटरवर दिसतं, नेहमीचा एसीचा क्लॅम्प इथे काही दाखवत नाही.) बॅटरीच्या एका पोस्टवरून दुसऱ्या पोस्टवर मोजले १२.१ व्होल्ट, म्हणजे बॅटरी उत्तम. इन्व्हर्टरच्या आत जिथे केबल जोडलेली, तिथे मात्र १०.६. दीड व्होल्ट वाटेत कुठेतरी गायब. मग मीटरचं एक टोक पॉझिटिव्ह पोस्टच्या शिशावर आणि दुसरं तिच्यावरच बसलेल्या लगवर टेकवलं. दोन्हींत बोटभर अंतर नाही, तरी मीटरवर १.२ व्होल्ट. निगेटिव्हच्या जोडावर ०.१ आणि दोन्ही केबलींत मिळून ०.२. हिशोब जुळला.

१.२ ला ४० ने भागा, येतात ०.०३ ओहम. ऐकायला कचरा वाटतो, पण त्यात ४८ वॅट उष्णता होते. त्या लगला बोट लावून पाहिलं तर टिकवत नव्हतं. आणि हा इन्व्हर्टर १०.५ व्होल्टला कट करतो, तेही स्वतःच्या टोकाला मोजून. बॅटरी १२.० वर आली की त्याच्या लेखी ती संपली.

मग काकांचा मीटर १२.६ का दाखवत होता? मीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट घेत नाही. व्होल्ट पडतात ते करंट गुणिले रोध एवढे, आणि करंट शून्य असेल तर रोध कितीही असू दे, पडणार काय? बिनलोडचा आकडा बॅटरीच्या चार्जबद्दल थोडंफार सांगतो, जोडाबद्दल एक अक्षर सांगत नाही.

इथेच ‘वरवरचा’ या शब्दाचाही निकाल लागतो. बाहेर फुगलेला ढीग दिसायला भयंकर, पण करंट त्यातून जातच नाही. करंट जातो पोस्ट आणि लग जिथे एकमेकांवर दाबले आहेत तिथून. दोन धातू कितीही घट्ट आवळले तरी खरा स्पर्श काही मोजक्या उंच ठिपक्यांवरच होतो. ॲसिड फटीत शिरलं की त्या ठिपक्यांभोवती लेड सल्फेटचा पातळ पापुद्रा धरतो आणि त्यातून वीज जात नाही. ठिपके कमी होत जातात, उरलेल्यांवरून सगळा करंट दाटीवाटीने जातो, ते तापतात. शिसं मऊ असतं, तापून-निवून ते दाबाखाली सरकतं, बोल्ट सैल होतो, फट वाढते आणि ॲसिडला आणखी वाट मिळते. म्हणून असंही दिसतं की हिरवा ढीग आहे पण जोड ठीक, किंवा वरून स्वच्छ आणि पापुद्रा आत. डोळ्यांवर जाऊ नका, मोजा.

गाडीत हेच जास्त ठळक होतं, कारण स्टार्टर सहज १५० ॲम्पिअर ओढतो. त्या ०.०३ ओहमवर तिथे साडेचार व्होल्ट पडतील, मग स्टार्टर फिरेल कशाला, नुसतं टक्-टक् करेल. डॅशबोर्डचे दिवे मात्र लागतात, त्यांना लागतो किती करंट! कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि त्या क्षणी पोस्ट व क्लॅम्पच्या मध्ये मोजा. ०.१-०.२ व्होल्टपर्यंत चालतं. अर्ध्या व्होल्टच्या पुढे गेलं की जोड उघडायलाच हवा.

कोल्ड्रिंकने थर जातो, हे खोटं नाही. पण ते ज्याच्यामुळे होतं ते कोल्ड्रिंकमधलं पाणी. मोरचूद पाण्यात मुकाट विरघळतो, साध्या कोमट पाण्यातही. उरलेलं काय? फॉस्फोरिक किंवा सायट्रिक ॲसिड, म्हणजे ॲसिडवर पुन्हा ॲसिड, आणि साखर. तो चिकटा झाकणावर राहतो, धूळ धरतो, ओल धरतो आणि दोन टर्मिनलांमध्ये करंट झिरपायला वाट करून देतो. लेड सल्फेट पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. म्हणजे रंगीत ढीग वाहून जातो, व्हिडिओ झकास होतो आणि जोडातला पापुद्रा होता तिथेच राहतो.

हवा तो खाण्याचा सोडा. इन्व्हर्टर बंद करून त्याचा प्लग काढा, खिडकी उघडा, डोळ्यांवर चष्मा आणि हातात रबरी मोजे घाला. चार्जिंग चालू असताना किंवा लगेच नंतर हात घालू नका, कारण तेव्हा हायड्रोजन जास्त असतो आणि इन्व्हर्टरची केबल पुन्हा जोडताना एक ठिणगी बहुधा उडतेच. आधी निगेटिव्ह काढायची. गाडीत निगेटिव्ह बॉडीला असते, आधी पॉझिटिव्ह सोडवायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला की थेट शॉर्ट. जोडताना उलट, निगेटिव्ह शेवटी.

व्हेंटची झाकणं घट्ट आहेत ना बघा. सोडा आत गेला तर आतलं ॲसिडही मारेल. अर्धा लिटर कोमट पाण्यात एक मोठा चमचा सोडा घालून ते ब्रशने लावा. फसफसलं म्हणजे ॲसिड आहे, फेस थांबेपर्यंत लावत राहा, मग साध्या पाण्याने पुसून घ्या. नंतर पोस्टची बाजू आणि लगची आतली बाजू तारेच्या ब्रशने किंवा पॉलिश पेपरने घासा, धातू चमकेपर्यंत. हे ओलं असतानाच करा, शिशाची कोरडी धूळ नाकात जायला नको. हात साबणाने धुवा. ते पाणी तुळशीत ओतू नका.

इंदिरानगरला एवढंच केलं. त्याच लोडवर जोडाचे १.२ व्होल्ट ०.०३ वर आले, इन्व्हर्टरच्या टोकाला ११.८ मिळाले. तीच बॅटरी अजून चालू आहे.

ग्रीस. साधं ग्रीस काय, व्हॅसलीन काय, दोन्ही तेलाचे प्रकार, वीज वाहत नाहीत. जोडात ते चालून जातं, कारण बोल्ट आवळल्यावर बहुतेक बाहेर ढकललं जातं, पण त्याने करंट सुधारतो हे निखालस चूक. पोस्टवर सैल क्लॅम्प आणि मध्ये ग्रीसचा गोळा असेल तर आपल्याच हाताने नवा पापुद्रा घातल्यासारखं. उपयोग आहे तो बाहेरून. कोरडा, घासलेला जोड आधी घट्ट आवळा, पण हिसडा देऊन नको, शिशाची पोस्ट फिरली की सील गेलं. मग वरून सगळीकडे व्हॅसलीनचा पातळ हात फिरवा, म्हणजे ॲसिडचे तुषार आणि हवा धातूपर्यंत पोचत नाही. बॉनेटखालच्या उष्णतेत व्हॅसलीन पातळ होऊन ओघळतं, तिथे टर्मिनलचा स्प्रे बरा. लग बदलायचाच असेल तर कथिलाचा मुलामा दिलेला घ्या.

आणि ‘पुन्हा कधीच’ हे तर ग्रीसच्या हातात नाहीच. ॲसिड बाहेर येत राहिलं तर थर येत राहणार. साफ केल्यावर महिन्याभरात पुन्हा ढीग झाला तर कारण शोधा. इंजिन चालू असताना गाडीच्या बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट हवेत; १५ च्या पुढे गेलं तर रेग्युलेटर बिघडलाय, बॅटरी उकळते आहे. इन्व्हर्टरच्या बाबतीत निम्म्या वेळा दोष डिस्टिल्ड वॉटर घालणाऱ्याचा असतो, असं माझं मत. मे महिन्यात पाणी उतरलेलं दिसलं की काठोकाठ भरतात. चार्ज होताना पातळी चढते आणि ॲसिड व्हेंटमधून बाहेर. फ्लोटच्या खुणेपर्यंतच भरा, तेही चार्ज पूर्ण झाल्यावर.

तिसरं कारण पोस्टच्या मुळाशी दिसतं. धुऊन, पुसून, कोरडं करून दोन दिवसांनी बघा. फक्त पोस्टच्या बुडाशी ओलसर कडं आलं असेल तर सील गेलं आहे, आणि ते घरी दुरुस्त होत नाही. तिथे व्हॅसलीन लावत, दर काही आठवड्यांनी धूत चालवायचं.

साफ करूनही लोडवर व्होल्ट पडत असतील तर लगच्या मागे केबलचं रबर इंचभर सोलून बघा. ॲसिड तारांच्या मधल्या फटींतून आत चढतं. तारा हिरव्या-काळ्या आणि ठिसूळ झाल्या असतील तर त्यांना घासून उपयोग नाही. लाल तांबं दिसेपर्यंत केबल मागे कापायची आणि नवा लग क्रिम्प करून घ्यायचा. लांबी पुरत नसेल तर केबलच बदला.