डॉलरचं कर्ज: एका झोंबलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

"काका, लेख एकतर्फी आहे. साडेचार टक्क्यांचं डॉलर कर्ज तुम्ही साडेदहाच्या रुपयातल्या कर्जाइतकंच महाग ठरवलंत. फॉरवर्ड प्रीमियम ही बँकेची लूट आहे, दुसरं काही नाही. मी दोन वर्षं कव्हर न घेता कर्ज चालवलं, पैसे वाचले. निर्यातदाराला तर कव्हरची गरजच नसते. घरी बसून लिहायला सोपं असतं. आणि तुमच्या हिशेबात व्याजावरचा प्रीमियम धरलेलाच नाही, तेही बघा." – अंबडचा एक कारखानदार

लेखात मी इतकंच म्हटलं होतं, की डॉलरचं कर्ज व्याजाला स्वस्त दिसतं, पण कव्हर घेतलं, म्हणजे फेडीच्या डॉलरचा भाव बँकेशी आजच बांधून घेतला, की ते रुपयातल्या कर्जाइतकंच पडतं. आता प्रतिक्रियेच्या शेवटून सुरुवात करतो. व्याजावरचा प्रीमियम सुटला होता, चूक माझी. पण दुरुस्त केलेला हिशेब बघा. आज डॉलर 80 रुपये धरू. वर्षाने मिळणाऱ्या डॉलरचा आजच बांधून घेतलेला भाव, म्हणजे फॉरवर्ड भाव, 84.40. आजच्या भावापेक्षा तो जेवढा जास्त तेवढा प्रीमियम, म्हणजे साडेपाच टक्के. एक लाख डॉलर उचलले, हातात 80 लाख आले. वर्षाने 1,04,500 डॉलर फेडायचे. ते 84.40 ने घेतले तर 88,19,800 रुपये लागतात. म्हणजे खर्च 10.25 टक्के. लेखात मी साडेचार अधिक साडेपाच, असे दहाच म्हटले होते. तुम्ही काढलेल्या चुकीने तुमचंच कर्ज पाव टक्क्याने महागलं. त्याबद्दल आभार.

आता 'घरी बसून'. हे दोन शब्द नसते तर मीही जरा गोड बोललो असतो. सातपूरला मी बावीस वर्षं टर्निंगचं जॉबवर्क केलंय. 2007 मध्ये जपानी मशीनसाठी येनमध्ये कर्ज उचललं. व्याज इतकं कमी, की शेजारच्या गाळ्यातले लोक चहा प्यायला येऊन दर विचारायचे. तेव्हा शंभर येन 34 रुपयांच्या आसपास होते. 2009 उजाडलं तेव्हा 54. कव्हर घेतलं नव्हतं, कारण बँकेतले साहेब म्हणाले, "कशाला उगाच खर्च?" बँकेचं नाव लिहीत नाही. हप्ते मात्र मीच भरले, घरी बसून नव्हे.

पण तुमच्या सगळ्या प्रतिक्रियेत मला खुपलं ते लुटीचं वाक्य. बँक हा प्रीमियम मनाने ठरवत नाही. वर्षाने तुम्हाला 84.40 ला डॉलर द्यायचं तिने कबूल केलं, तर ते डॉलर ती आणणार कुठून? वर्षाने बाजारात जो भाव असेल त्याने घ्यायचे म्हटले, तर जोखीम तिच्या गळ्यात. म्हणून ती आजच 80 ने डॉलर घेऊन ठेवते, किंवा बाजारात तसाच परिणाम होईल असा सौदा करते. त्यात तिचे रुपये अडकतात. बँकाबँकांच्या व्यवहारात रुपयावर वर्षाला सात टक्के मिळत असतील आणि डॉलरवर दीड, तर तिने सात सोडले आणि दीड घेतले. ही साडेपाचची तूट ती तुमच्याकडून भरून घेते. तिची खरी कमाई त्यावरचे पाच-दहा पैसे. फॉरवर्डचा भाव 84.40 ऐवजी 84.50 लावला, तर वरच्या कर्जात 10,450 रुपये जास्त गेले. लूट म्हणायचीच असेल तर त्या दहा पैशांना म्हणा, आणि त्यासाठी दोन बँकांचे भाव एकाच मिनिटाला विचारा.

म्हणून दोन चलनांच्या व्याजातला फरक आणि प्रीमियम साधारण बरोबरीने चालतात. प्रीमियम फार कमी झाला, तर लोक डॉलर उचलून, रुपयात गुंतवून, कव्हर घेऊन फुकटचा नफा काढतील. सगळे डॉलर फॉरवर्डने मागायला लागले की प्रीमियम पुन्हा चढतो. भारतात परकीय पैशावर बंधनं असल्याने ही बरोबरी काटेकोर नसते, कधी अर्धा-पाऊण टक्का इकडेतिकडे होतो. तुम्हाला फायदा झालाच तर तिथे, किंवा बँकेने डॉलरच्या कर्जावर स्वतःचं मार्जिन कमी लावलं असेल तिथे. सहा टक्क्यांचा मुळीच नाही.

तुमची दोन वर्षं? रुपया तेवढा पडला नाही, नशीब. तो प्रीमियम तुम्ही वाचवला नाही, तेवढ्या रकमेची पैज जिंकलात.

निर्यातदाराचं थोडक्यात. पिंपळगावच्या द्राक्षवाल्याचे युरो येणारच असतील, तर युरोच्या कर्जाला त्याला कव्हर लागत नाही, मान्य. पण तेच युरो फॉरवर्डने विकून त्याने रुपयात कर्ज घेतलं असतं, तर प्रीमियम त्याला मिळाला असता. तो त्याने सोडला. खिशातून गेला नाही म्हणून दिसत नाही, इतकंच. यावर आता वाद घालायचा कंटाळा आलाय.

एक करा. तुमच्या कर्जाचा उचलल्या दिवसाचा भाव, फेडल्या दिवसाचा भाव आणि उचलताना बँकेने सांगितलेला फॉरवर्ड भाव, हे तीन आकडे इथे टाका. हिशेब मी मांडतो. टोमणे नकोत.