लाल आणि निळी पट्टी कागदावर एकच का दिसते?

पॉवरपॉइंटची रंगीत स्लाइड काळ्या-पांढऱ्या प्रिंटरवर छापण्याआधी पट्ट्यांच्या छटा ठरवून घ्या असं सांगितलं की समोरून हमखास ऐकू येतं:

"भाऊ, एवढं कशाला? प्रिंट मारताना Grayscale निवडलं की झालं, रंग आपोआप राखाडी होतात. पट्ट्या बदलत बसलं तर रंगीत स्लाइड बिघडते. आणि एवढा वेळ आहे कोणाकडे?"

भाऊ, रंग राखाडी होतात हे खरं, पण वेगवेगळे राखाडी होतीलच असं नाही. यावलच्या केळी उत्पादकांसाठी मी ठिबकच्या खतांचा तक्ता केला होता: युरिया लाल, पोटॅश निळा, १२:६१:०० हिरवा. पडद्यावर लख्ख दिसत होता. कागद हातात पडल्यावर पहिल्याच रांगेतल्या काकांनी विचारलं, "यातली पोटॅशची पट्टी कोणती?" मलाही सांगता येईना.

रंगाचा राखाडी होताना साधारण हा हिशोब लागतो:

```
Y = 0.299 R + 0.587 G + 0.114 B
```

R, G, B म्हणजे रंगातला लाल, हिरवा, निळा भाग आणि Y म्हणजे निघणारा राखाडी. ० म्हणजे काळा, २५५ म्हणजे पांढरा. पॉवरपॉइंटमधला नेहमीचा लाल (`FF0000`) ७६ वर येतो, निळा (`0070C0`) ८८ वर आणि हिरवा (`00B050`) ११२ वर. डोळ्याला लाल-निळ्यात जमीन-अस्मानाचा फरक, कागदावर मात्र फक्त १२ चा. शिवाय ऑफिसच्या साध्या लेझर प्रिंटरमध्ये राखाडी टोनर नसतोच. तो काळेच ठिपके कमी-जास्त दाट टाकून राखाडीचा भास करतो. एवढा बारीक फरक त्या ठिपक्यांत हरवून जातो.

रंगीत स्लाइड बिघडण्याची भीती मात्र सोडा. `View` मध्ये जाऊन `Grayscale` दाबा, एकेक पट्टी निवडा आणि वर दिसणाऱ्या पर्यायांतून तिची छटा ठरवा. ही निवड राखाडी छपाईपुरतीच लागू होते. `Back To Color View` दाबलं की रंग जसेच्या तसे. मी युरियाला `Black with White Fill` दिलं, १२:६१:०० ला `Light Grayscale`, पोटॅशला `Grayscale`. झाल्या तीन छटा: पांढरी, फिकी, गडद. तीन पट्ट्यांना फार तर दोन मिनिटं लागतात.

माझ्या मते याहून मोठं काम अक्षरांचं आहे. प्रत्येक पट्टीच्या डावीकडे, पट्टीच्या बाहेर, काळ्या ठळक अक्षरांत "यु", "पो", "१२:६१" लिहा. हे कागद गावात पुढे झेरॉक्स होत जातात आणि दुसऱ्या-तिसऱ्या प्रतीत फिकी छटा पार उडते. काळं अक्षर टिकतं. अक्षराला कधीच राखाडी करू नका, ठिपक्यांमुळे त्याच्या कडा फाटतात, आणि मराठीत आधी वेलांट्या, अनुस्वार जातात.

पडद्यावरचं `Grayscale` गुळगुळीत दिसतं, त्यावर विसंबू नका. प्रिंटरचा टोनर-बचत पर्याय बंद करून, ज्या मापात वाटणार त्याच मापात एक पान काढा आणि हात लांब करून बघा. फिकी पट्टी कागदात विरली असेल तर छटा बदला, मगच पन्नास प्रती मारा.