झाकली मूठ, 34 पानांची

सोमवारी दुपारी, डबा उघडायच्या बेतात असताना, तुमच्या टेबलावर बंद लखोटा येतो. आत 34 पानांचा अहवाल. प्रत्येक पानाच्या खाली चार सह्या: अध्यक्षबाई, दोन कर्मचारी सदस्य आणि संस्थेबाहेरच्या एक बाई. त्यांची सही सगळ्यात मोठी, कारण त्यांना तुमच्याकडून पगार मिळत नाही. मागोमाग साहेबांचा फोन येतो. “मला एवढं वाचायला वेळ नाही. एक पान करून द्या. फाइंडिंग काय, करायचं काय, आणि बाहेर जाणार नाही ना.”

अभिनंदन. सगळ्या कचेरीत, लैंगिक छळाच्या तक्रारीवर अंतर्गत समितीने दिलेला अहवाल वाचायची जबाबदारी आलेला माणूस तुम्ही. आता तो न वाचता कसा संपवायचा, ते अनुभवातून सांगतो.

पहिली नऊ पानं सरळ उलटा. त्यांत नुसत्या तारखा असतात. तक्रार कधी आली, तिची प्रत सात कामकाजाच्या दिवसांत ज्याच्याविरुद्ध ती आहे त्याला दिली का, त्याने दहा कामकाजाच्या दिवसांत उत्तर दिलं का, कोणत्या बैठकीला कोण हजर होतं, साक्षीदारांना त्याने कोणते प्रश्न लिहून दिले. कंटाळवाणा मजकूर. सारांशात त्यावर एक ओळसुद्धा घालवू नका. गोवा विद्यापीठातल्या एका प्राध्यापकाविरुद्ध 2009 मध्ये चौकशी झाली होती. ती घाईत उरकली, त्याला बाजू मांडायला नीट संधी मिळाली नाही, असं म्हणून सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये कारवाई रद्द केली आणि प्रकरण पुन्हा चौकशीकडे पाठवलं. म्हणजे तक्रार करणाऱ्या मुलींच्या आयुष्यातली 14 वर्षं त्या कंटाळवाण्या पानांत अडकली. पण तुमच्या साहेबांना 14 वर्षांचं काय? त्यांना पावणेचारची मीटिंग आहे.

आता निष्कर्षांकडे या. समितीने तीन आरोपांवर तीन वेगवेगळे निष्कर्ष लिहिलेत. अशी सवय बाहेरच्या बाई लावतात.

पहिला आरोप, रात्री अकरानंतर आलेले मेसेज. एकूण 14, त्यांतले पाच रिपोर्ट कधी देणार याबद्दल आणि नऊ तिच्या फोटोबद्दल. तिने समितीसमोर फोन उघडून दाखवला. त्याने पाठवल्याचं मान्य केलं, फक्त “गमतीत” हा शब्द जोडला. सिद्ध. दुसरा आरोप, मीटिंग संपल्यावर कपड्यांवरून मारलेला शेरा. खोलीत आणखी दोघं होती. एकीने ऐकल्याचं सांगितलं, दुसऱ्याला आठवत नव्हतं. तक्रारदाराने त्याच संध्याकाळी मैत्रिणीला तो शेरा शब्दशः लिहून पाठवला होता, तो मेसेज परिशिष्टात आहे. शक्यतांचं पारडं तिच्या बाजूला झुकतं, म्हणून सिद्ध. तिसरा आरोप लिफ्टमधल्या स्पर्शाचा. तक्रार सत्तराव्या दिवशी आली, म्हणजे तीन महिन्यांच्या मुदतीत. पण लिफ्टच्या कॅमेऱ्याचं चित्रण 30 दिवसांनी आपोआप पुसलं जातं. तो नाही म्हणतो, ती हो म्हणते, तिसरं कोणी नव्हतं. समितीने लिहिलंय: “उपलब्ध पुराव्यावरून या आरोपाबाबत निष्कर्ष काढता येत नाही.” आणि खाली वेगळी ओळ: “तक्रार हेतुतः खोटी असल्याचे दिसून आले नाही.”

हे तिन्ही एका वाक्यात बसवायचं कौशल्य तुमच्याकडे हवं. मी बसवून देतो: “तीनपैकी काही आरोपांत अंशतः तथ्य आढळले, गंभीर आरोप खोटा ठरला.” बघा, किती घट्ट वीण आहे. दोन सिद्ध आरोपांचं “काही अंशतः” झालं. “निष्कर्ष काढता येत नाही” याचं “खोटा ठरला” झालं. आणि लिफ्टचा आरोप तेवढा गंभीर, मेसेज म्हणजे किरकोळ, अशी वर्गवारी समितीने केली नव्हती, ती तुम्ही फुकटात करून दिलीत.

पुढे कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या कायद्याचं कलम 14 आहे. केवळ आरोप सिद्ध करता आला नाही किंवा पुरेसा पुरावा देता आला नाही, एवढ्यावरून तक्रारदारावर कारवाई होत नाही, असं ते सांगते. कारवाईसाठी दुष्ट हेतू रीतसर चौकशीत सिद्ध व्हावा लागतो. म्हणून ती “हेतुतः खोटी नाही” ओळ सारांशात आणूच नका. ती आली की साहेबांच्या हातात काही उरत नाही. त्याऐवजी “संशयाचा फायदा” हा शब्द टाका. तो फौजदारी खटल्यातला आहे आणि इथे लागू नाही. इथे अधिक शक्य काय, एवढंच पाहतात. पण शब्द भारदस्त आहे, कोणी विचारत नाही.

शिफारशींत तुमची खरी कसोटी. समितीने लिहिलंय: लेखी ताकीद, एक वेतनवाढ रोखणे, समुपदेशन, यापुढे तिचं वार्षिक मूल्यमापन त्याने करू नये, आणि 75,000 रुपये भरपाई, त्याच्या पगारातून तीन महिने 25,000 असे कापून तिला द्यावेत. भरपाईचा आकडा कसा काढला तेही अर्ध्या पानात आहे: तिला झालेला मानसिक त्रास, हुकलेली कामाची संधी, डॉक्टरांचा खर्च आणि त्याचं उत्पन्न. तिची फाइल दोन तिमाह्या त्याच्याच टेबलावर अडली होती, तो कागद जोडलेला आहे.

यातली भरपाई “दंड” म्हणून लिहा. दंड म्हटला की तो कंपनीच्या तिजोरीत जातो असं सगळ्यांना वाटतं आणि तक्रारदार बाईंना पैसे मिळायचे होते हे लेखापाल वगळता कुणाला कळत नाही. मूल्यमापनाची शिफारस “तांत्रिक बाब” म्हणून गाळा, कारण एप्रिलमध्ये तिचे गुण पुन्हा त्यालाच द्यायचेत, फॉर्म आधीच छापून झालेत. बाकीच्यावर “समितीने सुचवले आहे, व्यवस्थापन योग्य वेळी विचार करेल” असं मऊ पांघरूण घाला. कलम 13 मध्ये मालकाने शिफारशींवर 60 दिवसांत कारवाई करावी असं आहे. “करावी”, “करता येईल” नव्हे. पण मराठीत मऊ शब्दांची चणचण कधीच नसते.

कोणी म्हणेल, त्याला अपील करायला 90 दिवस आहेत, तेवढे थांबू या. हा मुद्दा मनात जपून ठेवा, फार उपयोगी आहे. अपीलाची मुदत आणि कारवाईची मुदत शेजारी-शेजारी चालतात, एकीसाठी दुसरी थांबत नाही, हे माहीत असलेला माणूस त्या खोलीत बहुधा तुम्हीच असाल. गप्प बसा.

आता गोपनीयता. हा आपला हुकमी एक्का. सारांशाच्या डोक्यावर लाल अक्षरांत “अत्यंत गोपनीय” छापा आणि आत लिहा: “पुणे शाखेतील मार्केटिंगमधील एकमेव महिला टीम लीड, जी गेल्या जूनमध्ये नाशिकहून बदलून आली.” नाव नाही लिहिलं, म्हणजे नियम पाळला! साक्षीदाराचंही तसंच: “त्या मीटिंगला उपस्थित असलेली इंटर्न.” त्या मीटिंगला इंटर्न एकच होती. प्रत साहेब, त्यांचे साहेब, विधी, वित्त, आयटी आणि चुकून ‘ऑल पुणे’ला. वित्तला फक्त तीन महिने 25,000 कापून कोणत्या खात्यात टाकायचे एवढं पुरतं, पण त्यांनाही तिचे मेसेज वाचायचा हक्क असावा, ते आपलेच लोक. परिशिष्टासकट पाठवा. आणि एक छापील प्रत कॉरिडॉरमधल्या प्रिंटरच्या ट्रेमध्ये विसरा. चहावाल्या पोराने ती पाहून “त्या ताईंचं आहे ना हे?” असं विचारलं, तर त्याला दम द्या, गोपनीयतेचा भंग केला म्हणून. गोपनीयतेचं कलम 16 मोडलं तर नियम 12 पाच हजार रुपयांची वसुली सांगतो. ज्यांच्यावर चौकशी आणि शिफारस हाताळायची जबाबदारी आहे, त्यांच्याकडून. हे तुम्हालाच लागतं, पोराला नाही, पण ते वाचायला कोण बसलंय?

दुसरीकडे, तक्रारदार अहवालाची प्रत मागायला आली की हाच एक्का तिच्यावर टाका. “मॅडम, कॉन्फिडेन्शियल आहे.” कायद्याप्रमाणे चौकशी संपल्यापासून दहा दिवसांत अहवाल मालकाला जातो आणि तो दोन्ही पक्षांना उपलब्ध करून द्यायचा असतो. प्रत नसेल तर ती अपील कशाच्या आधारावर करणार? म्हणूनच प्रत नको. ती म्हणाली, “मी पोलिसांत जाते,” तर गंभीर चेहरा करून सांगा की गोपनीयतेमुळे तुम्ही कुठे जाऊ शकत नाही. कलम जनतेला, वर्तमानपत्रांना आणि माध्यमांना माहिती देण्याबद्दल बोलतं. पोलीस, अपील आणि तिचा वकील त्यात येत नाहीत. उलट तिला फौजदारी तक्रार करायची असेल तर मालकाने मदत करावी असं कायद्यातच आहे. पण तो भाग कलम 19 मध्ये आहे, आणि तुम्ही 16 वर थांबलात.

याच कलम 16 ला एक परंतुक आहे, तेही दडवा. तक्रारदार आणि साक्षीदारांची ओळख पटणार नाही अशा रीतीने, न्याय मिळाला एवढी माहिती सांगता येते. म्हणजे “एका प्रकरणात दोन आरोप सिद्ध झाले, कारवाई झाली” एवढं कचेरीत कळवायला हरकत नव्हती. एवढ्याने पुढच्या मुलीला तक्रार करायला बळ आलं असतं, आणि तुमचं काम वाढलं असतं.

सारांश झाला. मोजून 11 ओळी. साहेबांनी तिसऱ्या ओळीवर “ओके” लिहिलं, म्हणजे पुढचं वाचलं नाही. फाइल कपाटात गेली. तुमच्या टेबलावर फक्त तिचा प्रतीसाठीचा अर्ज राहिलाय, आवक शिक्क्यासकट. अहवाल सोमवारी आला होता, म्हणजे साठावा दिवस शुक्रवारी पडतो. त्या शुक्रवारची तुमची रजा आत्ताच टाकून ठेवा, नंतर मिळत नाही.